एका बिटावर विसंबलेला पहारा

२०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात फिल ऑस्टर हे लिनक्सचे जाणकार एका सर्व्हरवर झालेल्या हल्ल्याचा माग काढत होते. सर्व्हरकडे येणारी सगळी एचटीटीपी वाहतूक साठवून ठेवायची त्यांची पद्धत होती. त्यामुळे हल्लेखोराने चढवलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा त्यांच्या हाती लागला. तो चालवून पाहिला, तर काही सेकंदांत साध्या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळत होते. ज्या फाइली त्याला फक्त वाचायची मुभा होती, त्या तो खुशाल बदलू शकत होता. ‘डर्टी काउ’ या नावाने ही चूक पुढे जगभर गाजली. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ती २००७ पासून होती आणि त्याच कर्नेलवर चालणारे अँड्रॉइड फोनही तिच्या तावडीत होते. २०१७ मध्ये तिचा फायदा घेणारा ‘झेडएनआययू’ नावाचा व्हायरस फोनमध्ये सापडू लागला, तेव्हा सर्वाधिक बाधित वापरकर्ते चीन आणि भारतात होते.

ही चूक समजून घ्यायची, तर संगणकाच्या मेमरीची एक फार छोटी गोष्ट आधी पाहावी लागते: पेज टेबलमधली एक नोंद आणि तिच्यातले काही बिट.

प्रत्येक प्रोग्रॅमला वाटत असते की सगळी मेमरी आपल्या एकट्याची आहे. तो जो पत्ता वापरतो तो खरा नसतो, आभासी असतो. मेमरीची ४०९६ बाइटची पाने पाडलेली असतात आणि कोणते आभासी पान खऱ्या मेमरीत कुठे आहे, हे पेज टेबलमध्ये लिहिलेले असते. आजच्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमध्ये अशी प्रत्येक नोंद ६४ बिटांची असते. खरे पान नेहमी ४०९६ च्या पटीतल्या पत्त्यावरच सुरू होते, म्हणून त्या पत्त्याचे शेवटचे बारा बिट कायम शून्यच असणार. ते लिहून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून नोंदीतल्या त्या बारा जागा रिकाम्या मिळाल्या आणि प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तिथे खुणांची सोय केली.

खुणा उजवीकडून, शून्यापासून मोजायच्या. शून्याव्या जागी व्हॅलिड बिट. इंटेल त्याला ‘प्रेझेंट’ म्हणते. पहिल्या जागी लिहिण्याची परवानगी. दुसऱ्या जागी, हे पान सामान्य प्रोग्रॅमला दिसावे की फक्त कर्नेलला, याची खूण. पाचव्या जागी रेफरन्स बिट, इंटेलच्या भाषेत ‘अ‍ॅक्सेस्ड’, आणि सहाव्या जागी डर्टी. नोंदीचे शेवटचे आठ बिट सोळाअंकी पद्धतीत लिहिले की दोन अंक होतात आणि ते दोन अंक पाहून पानाची स्थिती वाचता येते. `67` म्हणजे 0110 0111: पान मेमरीत आहे, लिहायला मोकळे आहे, प्रोग्रॅमचे आहे, वापरले गेले आहे आणि बदललेही आहे. `25` म्हणजे 0010 0101: पान मेमरीत आहे, प्रोग्रॅमचे आहे, वाचले गेले आहे, पण लिहिण्याची परवानगी नाही आणि काही बदललेलेही नाही. हे दोन अंक लक्षात ठेवावेत. पुढे तिसरा एक अंक येणार आहे आणि सगळा घोळ त्याच्यापाशी झाला.

या बिटांकडे पाहताना एक प्रश्न सतत विचारावा: हा बिट लिहितो कोण आणि वाचतो कोण? व्हॅलिड आणि परवानगीचे बिट कर्नेल लिहितो आणि प्रोसेसर वाचतो. त्या आज्ञा आहेत. रेफरन्स आणि डर्टी हे बिट प्रोसेसर स्वतः एक करतो आणि कर्नेल ते वाचून पुन्हा शून्य करतो. ते अहवाल आहेत. हा फरक मनात ठेवला की पुढचे सारे आपोआप उलगडत जाते.

व्हॅलिड बिट शून्य असला की प्रोसेसर त्या नोंदीपुढे हात टेकतो. त्या पत्त्यावर काही वाचायला किंवा लिहायला गेले की ‘पेज फॉल्ट’ होतो, चालू सूचना थांबते आणि ताबा कर्नेलकडे जातो. कोणत्या पत्त्यावर अडले, हे प्रोसेसर सीआर-२ नावाच्या रजिस्टरमध्ये ठेवतो. पान नव्हतेच की परवानगी नव्हती, वाचायचे होते की लिहायचे होते, हेही तो कळवतो. मग कर्नेल ठरवतो. पान डिस्कवर काढून ठेवलेले असेल, तर ते परत आणतो, नोंद भरतो, बिट एक करतो आणि तीच सूचना पुन्हा चालवतो. प्रोग्रॅमला मधल्या विरामाचा पत्ताही लागत नाही. पत्ताच भलता असेल, तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणत प्रोग्रॅम बंद करतो. व्हॅलिड शून्य असताना उरलेल्या ६३ बिटांचा अर्थ प्रोसेसर लावत नाही, म्हणून कर्नेल त्याच जागेत आपल्यासाठी टिपण ठेवतो: हे पान डिस्कवर नेमके कुठे आहे.

परवानगीच्या बिटांचे काम सरळ वाटते आणि बहुतेक वेळा ते सरळ असतेही. प्रोग्रॅमची सूचना असलेली पाने वाचायची आणि चालवायची, बदलायची नाहीत. माहितीची पाने वाचायची, बदलायची, पण सूचना म्हणून चालवायची नाहीत. ही शेवटची मनाई जुन्या इंटेल नोंदीत करताच येत नव्हती. एएमडीने आपल्या ६४ बिटी रचनेत नोंदीच्या दुसऱ्या टोकाला, ६३ व्या जागी, त्यासाठी वेगळा बिट दिला आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने तो वापरायला सुरुवात केली. माहितीच्या नावाखाली आत घुसवलेल्या सूचना चालवण्याची हल्लेखोरांची जुनी सवय त्यामुळे बरीच अवघड झाली.

पण लिहिण्याच्या परवानगीचा बिट कर्नेल आणखी एका हुशार कामासाठी वापरतो. युनिक्समध्ये एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, तेव्हा आईची सगळी मेमरी मुलीला मिळायला हवी. ती खरोखर उतरवून काढायची, तर वेळ आणि जागा दोन्ही वाया. म्हणून कर्नेल दोघींना तीच पाने दाखवतो, फक्त दोघींच्या नोंदींत लिहिण्याचा बिट शून्य करून ठेवतो. जी आधी लिहायला जाईल तिला फॉल्ट होतो, त्या क्षणी कर्नेल त्या एकाच पानाची प्रत काढून तिला देतो आणि तिच्या नोंदीत बिट एक करतो. याला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘काउ’ होते आणि चुकीच्या नावातली गाय तिथूनच आली. खासगी म्हणून उघडलेल्या फाइलींनाही हीच युक्ती लागू होते: वाचेपर्यंत सगळ्यांचे एकच पान, लिहायला गेले की स्वतःची प्रत, मूळ फाइल सुरक्षित.

डर्टी बिटाचा मूळ उपयोग मेमरी कमी पडू लागली की दिसतो. एखादे पान बाहेर काढायचे आहे. ते डिस्कवरच्या मूळ मजकुराशी तंतोतंत जुळत असेल, तर ते नुसते टाकून द्यावे. पुन्हा लागले तर डिस्कवरून वाचता येईल. पण प्रोग्रॅमने त्यात काही लिहिले असेल, तर आधी डिस्कवर उतरवावे लागते, नाहीतर माहिती गेली. प्रत्येक पान न चुकता डिस्कवर लिहिणे फार महाग आहे, म्हणून पहिल्यांदा लिहिले जाताना प्रोसेसर हा बिट एक करतो आणि कर्नेलचे काम भागते.

इथे क्रमाची चूक जीवघेणी ठरते. समजा, कर्नेलने पान आधी डिस्कवर लिहिले आणि मग बिट शून्य केला. या दोहोंच्या मधल्या क्षणी प्रोग्रॅमने पुन्हा काही लिहिले, तर तो बदल डिस्कवर नाही आणि पान मात्र स्वच्छ दिसते. म्हणून आधी बिट शून्य करायचा आणि मगच लिहायला घ्यायचे. शिवाय प्रोसेसर अलीकडच्या नोंदी टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात जवळ ठेवतो. त्या साठ्यात ‘डर्टी आधीच एक आहे’ असे असेल, तर तो मेमरीतल्या नोंदीकडे पुन्हा फिरकत नाही. तेव्हा बिट शून्य केल्यावर टीएलबीतली जुनी नोंदही पुसावी लागते. ती पुसायची राहिली, तर माहिती गुपचूप हरवते आणि कोणताही फॉल्ट होत नाही.

रेफरन्स बिटाची कथा अधिक जुनी आणि फार सुंदर आहे. कोणते पान बाहेर काढावे, याचे उत्तर ‘बरेच दिवस जे वापरले नाही ते’ असे आहे. प्रत्येक वापराची वेळ लिहून ठेवणे परवडत नाही. म्हणून प्रोसेसर पानाला हात लावताना फक्त एक बिट एक करतो. कर्नेल सगळ्या पानांवरून घड्याळाच्या काट्यासारखा फिरत राहतो: बिट एक दिसला तर तो शून्य करून पान सोडून देतो, पुढच्या फेरीतही शून्यच दिसला तर ते पान बाहेर. मधल्या काळात वापरले गेले असते, तर प्रोसेसरने तो पुन्हा एक केला असता.

आता अडचण अशी की १९७० च्या दशकाच्या शेवटी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आलेल्या व्हॅक्स यंत्राच्या नोंदीत डर्टी बिट होता, रेफरन्स बिट नव्हताच. ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी त्यावर युनिक्ससाठी पेजिंग बांधले आणि १९८१ मध्ये ते कसे जमवले यावर निबंध वाचला. त्यांनी व्हॅलिड बिटाकडून ते काम करून घेतले. पान मेमरीतच ठेवायचे, पण नोंदीत ‘नाही’ असे लिहायचे. प्रोग्रॅम तिथे पोचला की फॉल्ट होतो, कर्नेल बघतो की पान तर इथेच आहे, ‘वापरले गेले’ अशी आपल्याकडे नोंद करतो आणि व्हॅलिड पुन्हा एक करतो. डिस्कला हात लावावा लागत नाही. एक जादा फॉल्ट सोसावा लागतो, पण बिट नसताना बिटाचे काम होते. पुढे कितीतरी प्रोसेसरांवर हीच युक्ती चालली. एआरएमच्या रचनेत तर आवृत्ती ८.१ येईपर्यंत हे दोन्ही अहवाल हार्डवेअर आपणहून लिहीत नसे. तिथे डर्टीसाठी कर्नेल लिहिण्याची परवानगी मुद्दाम रोखून धरतो आणि पहिल्या लेखनाचा फॉल्ट पकडतो.

लिनक्स असलेल्या कोणालाही हे अहवाल पाहता येतात. `cat /proc/self/smaps` असे टंकले की त्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रत्येक तुकड्यापुढे `Referenced`, `Private_Clean`, `Private_Dirty` असे किलोबाइटमधले आकडे येतात. ते याच बिटांवरून मोजलेले असतात.

आता पुन्हा २०१६ कडे. डीबगर वापरणाऱ्याला चालू प्रोग्रॅमच्या सूचनांमध्ये थांबा घालावा लागतो, आणि सूचनांची पाने तर लिहिण्यास बंद. म्हणून कर्नेलमध्ये एक अपवाद आहे: `/proc/self/mem` सारख्या मार्गाने आलेले लेखन परवानगी नसलेल्या पानातही होऊ द्यायचे, पण फक्त प्रोसेसच्या खासगी प्रतीत. मूळ फाइलला धक्का लागता कामा नये. हे लेखन प्रोसेसर थेट करत नाही. कर्नेल स्वतः पेज टेबल वाचून योग्य पान शोधतो आणि त्यात लिहितो. म्हणजे परवानगी तपासण्याचे प्रोसेसरचे काम इथे कर्नेलच्या कोडकडे आलेले असते.

समजा, हल्लेखोराने फक्त वाचता येणारी एखादी फाइल खासगी म्हणून मेमरीत उघडली. नोंदीचे शेवटचे अंक `25`. त्याने वरच्या आडमार्गाने लिहायला सांगितले. कर्नेलने नोंद पाहिली, लिहिण्याचा बिट शून्य, म्हणून त्याने पानाची खासगी प्रत काढली. प्रत लिहिण्यासाठीच काढली म्हणून डर्टी एक केला. पण फाइलला लिहिण्याची परवानगी मुळात नसल्यामुळे लिहिण्याचा बिट शून्यच ठेवला. नोंद झाली `65`: 0110 0101, बदललेले, तरी लिहायला बंद. हाच तो तिसरा अंक.

इथे कर्नेल अडतो. लिहिण्याचा बिट एक आहे का, असे पुन्हा विचारले तर उत्तर कायम ‘नाही’ येणार आणि तो त्याच फेऱ्यात फिरत राहणार. त्यावर आधीच्या कोडमधला तोडगा असा होता: प्रत काढून झाली आहे ना, मग आपल्या मागणीतून ‘लिहायचे आहे’ ही अटच काढून टाका आणि नुसते पान मागा. पुढच्या फेरीला पान मिळते, ते आपली प्रतच असणार, असा भरवसा.

पण पुढची फेरी लगेच होईलच असे नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये कर्नेल दुसऱ्या कामाला वाट देऊ शकतो. हल्लेखोराचा दुसरा धागा त्या वेळी सतत एकच विनंती करत असतो: `madvise` वापरून, ‘हे पान मला नको’. ती विनंती नेमकी त्या फटीत पोचली की खासगी प्रत फेकली जाते आणि व्हॅलिड बिट शून्य होतो. कर्नेल परत येतो, पान सापडत नाही, फॉल्टची व्यवस्था चालवतो. मात्र आता मागणीत लिहिण्याची अट राहिलेली नाही. म्हणून तो नुसते वाचायला द्यावे तसे फाइलचे मूळ पान जोडून देतो. नोंद पुन्हा `25`. आणि मग त्यातच लिहितो. प्रत्येक प्रयत्नात फट सापडेल असे नाही, पण दोन्ही धागे हजारो वेळा फिरवत ठेवले की ती सापडतेच. बदललेली फाइल जर पासवर्डची किंवा सर्वाधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमची असेल, तर यंत्र हल्लेखोराचे झाले.

यातली मनाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ च्या दुरुस्तीसोबत लिहिलेल्या टिपणात स्पष्ट नोंदवले आहे की ही शर्यत ११ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मिटवायचा प्रयत्न केला होता. २००५ मध्ये त्यांनी लिहिण्याच्या बिटाऐवजी डर्टी बिट तपासायचा मार्ग घेतला होता. पण आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या यंत्रांवर तो मार्ग बंद पडला. त्या यंत्रांत डर्टीची खूण पेज टेबलच्या नोंदीत नसते, ती खऱ्या पानालाच जोडलेल्या ‘स्टोरेज की’मध्ये असते. नोंदीत शोधणाऱ्या कर्नेलला ती तिथे कधी दिसणारच नव्हती. दुरुस्ती मागे घेतली गेली आणि तिच्या जागी अट काढून टाकण्याचा तो तोडगा आला. २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.९ आवृत्तीत एस-३९० साठी सॉफ्टवेअरने सांभाळलेला डर्टी बिट नोंदीत आला आणि जुना मार्ग पुन्हा मोकळा झाला.

२०१६ ची दुरुस्ती एवढीशी आहे:

```
return pte_write(pte) ||
    ((flags & FOLL_FORCE) && (flags & FOLL_COW) && pte_dirty(pte));
```

लिहिण्याची अट आता कधीच काढायची नाही. पान द्यायचे ते लिहिण्याचा बिट एक असेल तरच. किंवा अपवादाची परवानगी आहे, प्रत काढून झाली आहे आणि नोंदीत डर्टी बिटही एक आहे, हे तिन्ही खरे असेल तर. मधल्या फटीत प्रत फेकली गेली तर नोंद `65` राहणार नाही, डर्टी शून्य दिसेल आणि कर्नेल नव्याने प्रत काढेल.

म्हणजे डिस्कवर लिहायचे की नाही हे सांगण्यासाठी जन्मलेला अहवाल आता पहारेकरी झाला. ‘डर्टी एक आहे म्हणजे ही खासगी प्रतच आहे’ एवढ्या गृहीतकावर सारा भार आला. जोवर कर्नेलमधले दुसरे कुणी प्रत न काढता तो बिट एक करत नाही, तोवर हे खरे होते.

सुमारे वर्षभरात ते खोटे ठरले. २ मेगाबाइटच्या मोठ्या पानांसाठी कर्नेलमध्ये वेगळा कोड आहे. त्यातली एक छोटी क्रिया नुसते वाचण्यासाठी पान मागितले तरी नोंदीत डर्टी एक करून ठेवत होती. हार्डवेअरसाठी ते निरुपद्रवी होते. फार तर एखादे पान उगीच डिस्कवर लिहिले गेले असते. पण २०१६ च्या तपासणीला मात्र त्यात खासगी प्रत दिसत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झालेल्या या चुकीमुळे सर्व प्रोसेसना वाटून दिलेल्या शून्यांच्या मोठ्या पानात लिहिता येत होते. ज्या प्रोग्रॅमला कोरी मेमरी मिळायला हवी त्याला तिथे दुसऱ्याचे बाइट मिळाले असते. दुरुस्ती एका अटीची होती: लिहायला मागितले असेल तरच डर्टी करा.

२०२२ मध्ये तेच पुन्हा घडले, या वेळी सामायिक मेमरीतल्या फाइलींबाबत. फॉल्ट प्रोग्रॅमकडूनच हाताळून घेण्याच्या एका सोयीत पाने जोडताना सरसकट डर्टी खूण केली जात होती आणि ५.१६ पासूनच्या कर्नेलमध्ये तिचा वापर करून वाचण्यापुरत्या फाइली बदलता येत होत्या. त्या वेळी दुरुस्ती करणाऱ्यांनी डर्टी बिटाला या पहाऱ्यातून मोकळेच केले. `FOLL_COW` ही खूण काढून टाकली. कर्नेल प्रत्येक खऱ्या पानासाठी जी स्वतंत्र माहिती ठेवतो, तिथे ‘हे पान या एकाच प्रोसेसच्या मालकीचे आहे’ अशी खूण त्याच वर्षी आली होती, आणि आता आडमार्गाने लिहिण्याआधी तीच तपासली जाते. ती खूण प्रोसेसर लिहीत नाही, वाचतही नाही. खासगी प्रत काढणारा कोडच ती लावतो. नोंदीच्या सहाव्या जागेवरचा डर्टी बिट आता पुन्हा पान डिस्कवर उतरवायचे की नाही, एवढेच सांगतो.